ड्रम आले, पॉलिसी कपड्यांचीच राहिली

देहूरोडच्या बाजारात दुकानाची पाटी बदलायला एक दुपार पुरते. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याच्या कडेला काल जिथे शर्ट-पँटचे पुतळे उभे होते, तिथे आज थिनर, टर्पेंटाइन, फिनेल, ॲसिड आणि कॉस्टिकचे डबे दिसले तर कुणी चमकून पाहत नाही. यात व्यापारी शहाणपण आहेच. रेडिमेड कपड्यांचं गिऱ्हाईक मोबाइलवर आणि मॉलकडे वळलं, आणि तळवडे, चाकण, तळेगाव या बाजूच्या वर्कशॉपना, पेंटरांना, हाउसकीपिंगवाल्यांना रसायनं रोज लागतात. दुकानदार जीएसटीच्या नोंदणीत माल बदलतो, नवी बिलबुकं छापतो, बँकेच्या माणसाला चहा पाजून स्टॉक स्टेटमेंटचा नवा नमुना विचारून घेतो. एक कागद मात्र फाइलमध्ये तसाच राहतो. तो आगीच्या विम्याचा. त्यावर व्यवसायाच्या रकान्यात ‘रेडिमेड कपड्यांचे दुकान’ असं लिहिलेलं असतं आणि हप्ता वेळेवर भरलेला असतो, म्हणून दुकानदार निर्धास्त असतो.

हा निर्धास्तपणा चुकीचा आहे, एवढं बहुतेक विमा एजंटही सांगतील. ‘एक पत्र टाकून द्या कंपनीला’ असा त्यांचा सल्ला असतो. माझं म्हणणं असं की हा सल्लाही अर्धवटच आहे. पत्र टाकल्याने काही घडत नाही. कंपनीने होकार दिला, तो पॉलिसीवर नोंदवला गेला आणि वाढीव हप्ता जमा झाला, तरच काही घडतं. आणि कंपनी होकार देऊ शकेल की नाही, हे पत्रात काय लिहिलंय यावर ठरतं. म्हणून हे पत्र उपचार म्हणून लिहू नये, मालाच्या खरेदीइतक्याच काळजीने लिहावं.

आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात असलेल्या स्टँडर्ड फायर पॉलिसीच्या सर्वसाधारण अटींपैकी तिसरी अट या प्रकरणाचा कणा आहे. ती सांगते ते असं: दुकानातला व्यापार किंवा उत्पादन बदललं, किंवा इमारतीचा वापर आणि तिच्याशी संबंधित परिस्थिती अशा रीतीने बदलली की विमा उतरवलेल्या संकटाची शक्यता वाढली, तर त्या मालमत्तेपुरतं विम्याचं संरक्षण थांबतं. अपवाद एकच. नुकसान होण्याआधी विमेदाराने कंपनीची मंजुरी घेतलेली असली पाहिजे आणि ती पॉलिसीवर शेऱ्याच्या रूपाने, म्हणजे एंडोर्समेंटने, नोंदवलेली असली पाहिजे. २०२१ च्या एप्रिलपासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही सोप्या भाषेतली पॉलिसी आली आहे आणि छोटी दुकानं आता बहुधा तिच्यात येतात. तिथेही व्यवसायाचं वर्णन शेड्यूलमध्ये असतंच. आपल्या प्रतीत बदलाबद्दलची अट कोणत्या शब्दांत आहे, हे ज्याने त्याने स्वतः वाचावं. एजंटच्या तोंडून ऐकू नये.

तिसऱ्या अटीत ‘कळवलं असेल तर’ असं म्हटलेलं नाही. ‘मंजुरी मिळवली असेल तर’ असं म्हटलं आहे. शिवाय विमा कायदा, १९३८ चं कलम ६४-व्हीबी सांगतं की हप्ता आगाऊ हातात आल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं. पत्र गेलं, पोच आली, कंपनी विचार करतेय, आणि तेवढ्यात आग लागली, तर दुकानदाराच्या हातात प्रामाणिकपणाचा पुरावा असेल, पण संरक्षण असेलच असं नाही.

धोका खरंच वाढतो का, हा प्रश्न अनेक दुकानदार मनापासून विचारतात, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. कपडेही जळतात. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साड्यांच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार गेले. ते रसायनांचं दुकान नव्हतं. मग थिनरच्या दुकानालाच वेगळा न्याय का? उत्तर आग कशी सुरू होते यात आहे. कापडाच्या गठ्ठ्याला पेटायला काहीतरी येऊन भिडावं लागतं. ठिणगी, तापलेली वायर, विडी, असं काहीतरी. त्यातही गच्च बांधलेला गठ्ठा बराच वेळ धुमसतो. थिनरच्या बाबतीत द्रव पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ती वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीवरून सरकत जाते, आणि दहा फुटांवरच्या शेगडीने किंवा स्विचने पेटून मागे ड्रमपर्यंत येते. द्रव ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सोडतो, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. थिनरमध्ये भरपूर असणाऱ्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे देहूरोडच्या थंडीतल्या पहाटेही तो तयारच असतो. मिनरल टर्पेंटाइनचा ४० अंशांच्या आसपास असतो, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. पण मे महिन्यात पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर दुपारी तीन वाजता हात लावून पाहावा. ४० अंश तिथे दूर नसतात.

आणि ज्वलनशीलता हा एकच प्रश्न नाही. साफसफाईचं सामान विकणाऱ्याकडे हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम हायपोक्लोराइट, दुकानी भाषेत हायपो, दोन्ही असतात. ही दोन एकत्र सांडली की क्लोरीन वायू सुटतो. आग विझवायला आलेल्या जवानाने पाण्याचा फवारा मारला, बाटल्या-कॅन फुटले आणि दोन्ही एकाच उतारावर वाहिले, तर मूळ आगीपेक्षा हे प्रकरण वाईट होऊ शकतं. जळणाऱ्या टर्पेंटाइनवर नुसता पाण्याचा झोत मारला तर ते पाण्यावर तरंगत शेजारच्या दुकानात शिरतं. विमा कंपनीचा जोखीम पाहणारा माणूस हे सगळं मनात धरून दर ठरवतो. ‘रेडिमेड कपडे’ या दोन शब्दांवर ठरलेला दर या जागेसाठी कधी काढलेलाच नव्हता.

आजूबाजूला धडे कमी नाहीत. ८ डिसेंबर २०२३ रोजी देहूरोडच्या शेजारच्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा जणी गेल्या आणि पुढच्या दिवसांत मृतांचा आकडा वाढत गेला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला चिखलीच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला आग लागून तिथेच राहणारं चौघांचं कुटुंब संपलं. बाहेरून बघणाऱ्याला यातली कोणतीही जागा भयंकर वाटली नसती. देहूरोडकरांना तर हे वेगळं सांगायला नको. दारूगोळ्याच्या डेपोभोवती अंतर मोजून आखलेल्या रेड झोनमुळे कुणाला कुठे बांधता येतं आणि कुठे नाही, हा इथला जुना विषय आहे. कुठे काय साठवलं आहे यावरून शेजाऱ्याची जोखीम ठरते, हे तत्त्व सरकारने इथल्या नकाशावरच काढून ठेवलं आहे. दुकानाच्या विम्याला ते लागू होणार नाही असं मानायचं कारण काय?

आता एक उदाहरण घेऊ. दुकानदार काल्पनिक आहे, पण आकडे आणि माल अशा दुकानात असतो तसाच. त्याची पॉलिसी १ एप्रिल ते ३१ मार्च अशी आहे. माल ३० लाख आणि फर्निचर, फिटिंग १० लाख, मिळून ४० लाखांचा विमा. सप्टेंबरच्या मध्यावर उरलेले कपडे ठोक भावात काढून त्याने रसायनं भरली. आठवडाभराने त्याला पॉलिसी आठवली. आपल्याकडे अशा वेळी सहसा जे पत्र लिहिलं जातं ते तीन ओळींचं असतं: ‘आम्ही आमचा व्यवसाय बदलून केमिकलचा सुरू केला आहे, तरी नोंद घ्यावी ही विनंती.’ या पत्रावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. केमिकल म्हणजे फिनेलच्या शंभर बाटल्या की टोल्युइनचे वीस ड्रम? किती? कुठे? ओतून विकता की सीलबंद? शिवाय ‘नोंद घ्यावी’ हा शब्दप्रयोग तर घातकच. कंपनी नोंद घेईल आणि फाइल बंद करेल. मंजुरी मागितलीच नाही, तर ती देणार कोण?

मी लिहिलं असतं तर पत्र साधारण असं झालं असतं:

‘प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: पॉलिसी क्रमांक अमुक, विमा उतरवलेल्या जागेतील व्यवसाय बदलल्याने जोखमीत झालेली वाढ आणि सुधारित अटींवर मंजुरीची विनंती.

महोदय, वरील पॉलिसी देहूरोड बाजारातील तळमजल्यावरील आमच्या गाळ्यासाठी ‘रेडिमेड कपड्यांचे दुकान’ या वर्णनाने घेतलेली आहे. या गाळ्यातील कपड्यांचा व्यवसाय आम्ही १५ सप्टेंबरपासून बंद केला असून त्या तारखेपासून तेथे रसायनांची साठवण व विक्री सुरू आहे. हे आम्ही आधी कळवायला हवे होते. मागील तारखेपासून संरक्षण आम्ही मागत नाही.

एका वेळी जास्तीत जास्त साठा पुढीलप्रमाणे राहील. एनसी थिनर २०० लिटर, वीस लिटरच्या सीलबंद डब्यांत. मिनरल टर्पेंटाइन ४०० लिटर, दोन लोखंडी ड्रममध्ये. हायड्रोक्लोरिक ॲसिड ५०० लिटर आणि सोडियम हायपोक्लोराइट ५०० लिटर, दोन्ही प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, परस्परविरुद्ध भिंतींना आणि वेगवेगळ्या ट्रेमध्ये. कॉस्टिक सोडा फ्लेक्स ५०० किलो, पन्नास किलोच्या गोण्यांत. प्रत्येक मालाची उत्पादकाने दिलेली सेफ्टी डेटा शीट सोबत जोडली आहे. थिनर सीलबंद डब्यातच विकले जाईल. टर्पेंटाइन हातपंपाने पाच लिटरच्या डब्यांत भरून दिले जाते. हे काम मागच्या दाराशी उघड्यावर होते. पोटमाळ्यावर माल ठेवला जात नाही. गाळ्याच्या वर निवासी खोली असून तेथे कुटुंब राहते. उजवीकडे मोबाइल दुरुस्तीचे दुकान, डावीकडे चहाची टपरी आहे.

थिनरसाठी परवान्याचा अर्ज केला असून परवाना हाती येईपर्यंत त्याचा साठा दुकानातून हलवला आहे. छावणी परिषदेकडे व्यवसाय परवान्यातील बदलासाठी अर्ज केला आहे. प्रती सोबत आहेत.

आपण जागेची पाहणी करावी, सुधारित दर, अटी व आवश्यक ती सुरक्षा-व्यवस्था कळवावी, आणि वाढीव हप्ता सांगावा. तो आम्ही त्याच दिवशी भरू. मंजुरीचे एंडोर्समेंट कोणत्या तारखेपासून व कोणत्या वेळेपासून लागू होईल हे कृपया लेखी कळवावे. ही जोखीम घेणे आपल्याला शक्य नसल्यास तेही लेखी कळवावे, म्हणजे आम्हाला दुसरी व्यवस्था करता येईल. प्रत: कर्ज देणारी बँक.’

या पत्रातल्या काही गोष्टींवर थांबायला हवं. पहिली, ‘एका वेळी जास्तीत जास्त’. आज दुकानात किती आहे हे लिहिलं तर दिवाळीत ते खोटं ठरतं. त्यामुळे कमाल मर्यादा लिहायची आणि मग ती पाळायची. ही मर्यादा एंडोर्समेंटमध्ये अट म्हणून उतरते, आणि ३०० लिटर थिनर सापडलं तर आपण स्वतः लिहून दिलेला आकडाच आपल्याविरुद्ध उभा राहतो. म्हणून हौसेने कमी आकडा लिहू नये आणि भीतीने भरमसाट फुगवूही नये.

दुसरी, ओतून देण्याचा उल्लेख. तो दुकानदाराला लिहावासा वाटत नाही, कारण त्याने दर वाढतो हे त्याला कळतं. पण सीलबंद डब्यांचं दुकान आणि ड्रममधून डब्यात भरून देणारं दुकान या दोन वेगळ्या जोखमी आहेत. वाफ सुटते ती ओततानाच. आगीनंतर येणारा सर्व्हेअर हातपंप, नरसाळं आणि रिकामे डबे आधी शोधतो. ते लपत नाहीत.

तिसरी गोष्ट परवान्याची, आणि इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. पेट्रोलियम कायदा, १९३४ मध्ये द्रव हायड्रोकार्बन आणि ते असलेली ज्वलनशील मिश्रणं पेट्रोलियममध्ये मोडतात. त्यामुळे टोल्युइन असलेलं थिनरही त्यात येतं. फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली असेल तो ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ मधला ‘ब’ वर्ग. ‘ब’ वर्गाचा माल एका जागी २५०० लिटरपर्यंत, एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नाही अशा बेताने, विनापरवाना ठेवता येतो. म्हणजे वरच्या दुकानातलं ४०० लिटर टर्पेंटाइन चालतं. ‘अ’ वर्गासाठी ३० लिटरची सूट आहे, पण ती विक्रीसाठी नसलेल्या मालाला. दुकानात विकायला ठेवलेल्या थिनरला ती मिळत नाही. दुकानदार ड्रमकडे बघून घाबरतो आणि छोट्या डब्यांकडे दुर्लक्ष करतो, कायदा मात्र डब्यांनाच आधी धरतो. परवान्याशिवाय ठेवलेल्या मालाबद्दल कंपनीला खुलं पत्र लिहिणं अवघड जातं हे मला मान्य आहे. त्यावर उपाय पत्र टाळण्याचा नाही. परवाना येईपर्यंत थिनर हलवायचं आणि तसं पत्रात लिहायचं.

चौथी, बँकेला प्रत. माल तारण ठेवून कर्ज घेतलं असेल तर पॉलिसीवर बँकेच्या हिताचं कलम असतं. आपल्याकडचं रूढ कलम सांगतं की तिसऱ्या अटीचा भंग दुकानदाराने केला, बँकेने नव्हे, तर बँकेच्या हितापुरता विमा टिकून राहतो. बँकेला धोका वाढल्याचं कळलं तर मात्र तिने कंपनीला सांगायचं आणि मागितला तर जादा हप्ता भरायचा. हे ऐकून दुकानदाराला बरं वाटतं: ‘चला, कर्ज तरी फिटेल.’ तसं होत नाही. कंपनी बँकेला पैसे देते आणि ‘दुकानदाराशी आमचं देणं नव्हतंच’ असं म्हणून बँकेच्या जागी उभी राहते. मग दुकानदाराकडून ती वसुली करू शकते. दुकान जळालेलं, माल गेलेला, आणि कर्ज मागणारा फक्त बदललेला. अगदी विमा घेतलेला माणूसच विमा कंपनीचा देणेकरी होतो, ही स्थिती किती जणांना माहीत असते?

आता पैशांचं बघू. दर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. २००७ मध्ये आगीच्या विम्याचे दर खुले झाल्यापासून सरकारी दरपत्रक बांधील राहिलेलं नाही. त्यामुळे खालचे दर फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. कपड्यांसाठी हजारी १ रुपया धरला तर ४० लाखांना वर्षाचा हप्ता ४००० रुपये. रसायनांसाठी हजारी ३ रुपये धरले तर १२,००० रुपये. फरक ८००० रुपये वर्षाचा. एंडोर्समेंट १ ऑक्टोबरपासून मिळालं तर ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस उरतात. त्या प्रमाणात ३९८९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे ४७०७ रुपये. दर तिप्पट धरूनही ४० लाखांसाठी सहा महिन्यांचा जादा खर्च पाच हजारांच्या आत राहतो. यावर ‘परवडत नाही’ हे उत्तर मला पटत नाही. १५ सप्टेंबरपासून १ ऑक्टोबरपर्यंतचे दिवस मात्र कोणत्याही रकमेने परत विकत घेता येत नाहीत. तेवढे दिवस दुकान कपड्यांच्या पॉलिसीवर आणि रसायनांच्या आगीवर उभं होतं. पत्रात खरी तारीख लिहायची ती यासाठीच. मागची तारीख टाकून एजंटकडून ‘जमवून’ घेतलेलं पत्र खरेदीची बिलं आणि ई-वे बिलं एका तासात खोटं पाडतात, आणि मग नुसता दावाच जात नाही, फसवणुकीचा आरोप मागे लागतो.

‘सांगितलं तर कंपनी नाही म्हणेल’ हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे, आणि त्यात तथ्यही आहे. वर राहतं कुटुंब असलेल्या गाळ्यात थिनर हे ऐकून काही कार्यालयं सरळ नकार देतील. पण नकार हीही माहिती आहे. पैसे लावून जोखीम विकत घेणाऱ्या धंद्यानेच ‘ही जोखीम मला नको’ म्हटलं, तर त्या खोलीत झोपणाऱ्या मुलांनी ती का घ्यावी? अशा दुकानदाराने थिनर वेगळ्या शेडमध्ये हलवावं, गाळ्यात टर्पेंटाइन आणि साफसफाईचं सामान ठेवावं आणि पुन्हा अर्ज करावा. पुष्कळदा होकार तिथेच मिळतो. आणि शेजाऱ्याच्या चहाच्या टपरीचं नुकसान आपल्या आगीच्या पॉलिसीतून भरलं जात नाही, त्याला दायित्वाचा वेगळा विमा लागतो, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावं.

मात्र सगळा भार दुकानदारावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. आपल्या अटीची रचना सगळं किंवा काहीच नाही अशी आहे, आणि ती कठोर आहे. इंग्लंडमध्ये १८३७ मध्येच न्यायालयाने याला मर्यादा घातली होती. धान्य वाळवण्याच्या भट्टीचा विमा होता. जवळ बुडालेल्या जहाजातली झाडाची साल एकदा, मोफत, त्या भट्टीत वाळवू दिली आणि आग लागली. न्यायालयाने म्हटलं, एकदाच्या उपकाराने धंदा बदलत नाही, कंपनीने पैसे द्यावेत. शॉ विरुद्ध रॉबर्ड्स हा तो खटला. आपल्या दुकानदाराला तो वाचवणार नाही, कारण त्याने धंदा कायमचा बदलला आहे आणि आपल्या अटीत ‘इमारतीशी संबंधित परिस्थिती’ हे शब्दही आहेत. पण ‘भाच्याचे दोन ड्रम दोन दिवस ठेवले’ अशा प्रकरणात तो विचारात घ्यावा लागतो.

फ्रान्समध्ये कायदाच वेगळा आहे. तिथे जोखीम वाढल्याचं पंधरा दिवसांत कळवायचं. मग कंपनीने नवा हप्ता सांगायचा किंवा करार संपवायचा. कळवलं नाही, पण फसवण्याचा हेतू सिद्ध झाला नाही, तर दावा पूर्ण बुडत नाही. भरलेला हप्ता आणि भरायला हवा होता तो हप्ता, या प्रमाणात तो कमी होतो. आपल्या उदाहरणात ४००० विरुद्ध १२,०००, म्हणजे एक तृतीयांश. नुकसान २४ लाखांचं झालं तर ८ लाख मिळतील. ही शिक्षा आहे, पण दिवाळं नाही. आपल्याकडेही वाहनांच्या विम्यात असं काहीसं रुजलं आहे. खाजगी गाडी भाड्याने दिली म्हणून पूर्ण दावा नाकारण्याऐवजी अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. आगीच्या विम्यातही प्रमाणाचा नियम लेखी यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आज तो न्यायालयाच्या दयेवर सोडलेला आहे, आणि दहा लाखांच्या दुकानदाराला न्यायालयापर्यंत पोहोचायला जी वर्षं लागतात ती त्याच्याकडे नसतात.

कंपन्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेक्सको मार्केटिंग प्रकरणात दिलेला निकाल मला महत्त्वाचा वाटतो. दुकान तळघरात होतं. पॉलिसीत तळघर वगळलेलं होतं. कंपनीने जागा पाहून, हप्ता घेऊन पॉलिसी दिली होती आणि आगीनंतर तळघराकडे बोट दाखवलं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. जागा पाहिलेल्याला नंतर आंधळं होता येत नाही, असा त्याचा मी घेतलेला अर्थ. म्हणूनच पत्रात पाहणीची मागणी हवी. कंपनीचा माणूस येऊन हायपोचे कॅन आणि ॲसिडचे कॅन बघून गेला, मोबाइलवर फोटो काढून गेला, तर पुढे ‘आम्हाला सांगितलंच नव्हतं’ असं म्हणणं त्यांना जड जाईल. आणि पत्राला महिना-महिना उत्तर न देणाऱ्या कार्यालयांना मुदत घालून देण्याचं काम विमा नियामकाने करायला हवं. बदलाची माहिती मिळाल्यापासून अमुक दिवसांत होकार, नकार किंवा प्रश्न, नाहीतर मागितलेल्या अटींवर तात्पुरतं संरक्षण सुरू. असा नियम झाला तर मौन राखणं कंपनीला फायद्याचं राहणार नाही. तोवर तक्रार असेल तर एकल मालकीच्या दुकानदाराला आणि सूक्ष्म उद्योगाला पुण्यातल्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईसाठी.

पत्र पॉलिसी देणाऱ्या शाखेला पाठवा, एजंटच्या हाती देऊन थांबू नका. एजंटला पॉलिसीच्या अटी बदलण्याचा अधिकार नसतो, तो कितीही जुना ओळखीचा असला तरी. स्पीड पोस्टाची पावती आणि ईमेल दोन्ही ठेवा. आठ दिवसांत उत्तर नसेल तर स्वतः शाखेत जा, आणि एंडोर्समेंट हातात आल्यावर त्यावरचा व्यवसाय, मालाची नावं, लिटर आणि तारीख आपल्या पत्राशी ताडून पाहा. ज्यांचा बदल अजून व्हायचा आहे, त्यांनी पत्र आधी लिहावं आणि एंडोर्समेंट मिळेपर्यंत पहिला ड्रम दुकानात घेऊ नये.